हप्त्यातलं व्याज किती, मुद्दल किती

मोताळा तालुक्यातल्या बचत गटांसोबत काम करणाऱ्या आम्ही समन्वयक. आज एकाच गोष्टीवर बोलणार आहोत, पण ती वहीवर बोट ठेवून समजून घ्यायची आहे. म्हणून जवळ वही-पेन असेल तर घ्या. हात कामात असतील तर नुसतं ऐका, आकडे आम्ही सावकाश सांगतो.

आमच्या तालुक्यातल्या एका गावात दहा बायकांचा गट आहे. गटाचं नाव सांगत नाही, आणि गट ओळखू येऊ नये म्हणून आकडेही थोडे गोल केले आहेत. या गटानं छोटी दाल मिल घेतली. यंत्र, मोटर आणि बसवण्याचा खर्च मिळून ७५,००० रुपये लागले. त्यातले १५,००० गटाच्या बचतीतून घातले आणि ६०,००० बँकेतून कर्ज काढलं. कर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हातात आलं. फेड दोन वर्षांत, म्हणजे २४ हप्ते. हप्ता २,८२५ रुपयांचा, दर महिन्याच्या शेवटी भरायचा.

तूर निघालेलीच होती. काम मिळालं. पावसाळ्यात मिल बरेच दिवस बंद राहिली, पुढे मूग-उडीद आला, मग नवी तूर आणि हरभरा आला. बायका आळीपाळीनं मिलवर बसल्या. वर्ष संपलं तशी सचिव ताईंनी बेरीज मांडली. भरडाईची मजुरी जमा झाली ७१,०००. वीजबिल, दुरुस्ती, खोलीचं भाडं, मदतनीसाची मजुरी मिळून गेले ४६,६००. उरले २४,४००. आणि हप्ते भरले बारा, म्हणजे ३३,९००. चोवीस हजार चारशेतून तेहतीस हजार नऊशे वजा केले तर साडेनऊ हजार कमी पडतात. ते साडेनऊ हजार गटाच्या बचतीतूनच बँकेत गेले होते.

आम्ही बैठकीला पोचलो तेव्हा निर्णय जवळजवळ झालेलाच होता. सचिव ताई म्हणाल्या, "मिल विकून टाकतो आम्ही. वर्षभर राबलो अन् साडेनऊ हजारानं बुडालो." एक व्यापारी ४०,००० द्यायला तयार होता. कोपऱ्यातल्या एक आजी तेवढ्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "काहून बुडालो? पैसा तं रोज यायचा." आजींना लिहिता येत नाही, पण प्रश्न त्यांचाच बरोबर होता.

वही उघडली. रोकड वही चांगली लिहिलेली होती, एक दिवसही सुटलेला नव्हता. चूक दुसरीकडे होती. आपल्या रोकड वहीत डाव्या बाजूला 'जमा' छापलेलं असतं आणि उजव्या बाजूला 'खर्च'. हप्ता भरला की तो उजव्या बाजूला लिहावाच लागतो, कारण पैसा पेटीतून गेला. पण उजव्या बाजूला छापलेल्या त्या 'खर्च' शब्दाचा अर्थ तेवढाच, पैसा बाहेर गेला. धंद्याचा खर्च झाला असा नव्हे. वर्षाच्या शेवटी नफा-तोटा काढताना ताईंनी उजव्या बाजूचं सगळं खर्चात धरलं. आणि तिथं मिल बुडाली, निदान कागदावर तरी.

आता घरातलं बघा. शेजारणीकडून तुम्ही पायलीभर ज्वारी उसनी आणली. त्या दिवशी तुमच्या शेतात ज्वारी पिकली का? नाही. मग महिन्यानं पायलीभर परत दिली, तर तुमचं नुकसान झालं का? तेही नाही. तिची होती, तिला गेली. पण तिनं सांगितलं असेल की परत देताना वर दोन मापटी जास्त दे, तर ती दोन मापटी तुमच्या घरातली गेली. कर्जाचं तसंच आहे. ६०,००० आले ते उत्पन्न नव्हे, आणि हप्त्यातून मुद्दल परत गेलं तो खर्च नव्हे. खर्च फक्त वरच्या दोन मापट्यांचा, म्हणजे व्याजाचा. म्हणून दर हप्त्याचे दोन भाग पाडल्याशिवाय धंद्याचा हिशेब लागतच नाही.

भाग पाडायचे कसे ते पाहू. या कर्जाचा दर आपण साल १२ टक्के धरू, म्हणजे महिन्याला शेकडा १ रुपया. तोंडी हिशेब जमावा म्हणून हा दर घेतला आहे. तुमचा दर वेगळा असेल. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या, म्हणजे आपल्याकडच्या उमेदच्या गटांना बँकांनी ३ लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्क्यांनी द्यायचं असतं. दर कोणताही असो, रीत एकच. शिल्लक कर्जाला दरानं गुणायचं, शंभरानं भागायचं, आणि महिन्याचं व्याज हवं म्हणून बारानं भागायचं.

पहिला महिना. शिल्लक कर्ज ६०,०००. शेकडा १ प्रमाणे व्याज ६००. हप्ता २,८२५. त्यातून ६०० व्याजाचे काढले, उरले २,२२५. हे मुद्दल. साठ हजारातून २,२२५ वजा केले की शिल्लक कर्ज ५७,७७५.

दुसरा महिना. इथे बऱ्याच जणी चुकतात, त्या परत ६०० च लिहितात. साठ हजारांवर आता व्याज नाही, ५७,७७५ वर आहे. म्हणून व्याज ५७८, मुद्दल २,२४७, शिल्लक ५५,५२८.

तिसरा महिना. ५५,५२८ वर व्याज ५५५, मुद्दल २,२७०, शिल्लक ५३,२५८.

हप्ता तेवढाच राहतो, पण आतली वाटणी दर महिन्याला बदलते. व्याज उतरतं, मुद्दल चढतं. बाराव्या हप्त्यात व्याज फक्त ३४३ आहे आणि मुद्दल २,४८२. म्हणून "अर्धं व्याज अर्धं मुद्दल" किंवा "दर महिन्याला इतकंच व्याज" असा ठोकळा चालत नाही.

मग वहीत लिहायचं कसं? कर्ज आलं त्या दिवशी रोकड वहीत किंवा बँकेच्या रकान्यात जमा बाजूला ६०,००० लिहा, आणि तपशिलात 'बँक कर्ज' असं स्पष्ट लिहा. 'बँकेकडून मिळाले' एवढंच लिहू नका, वर्षाच्या शेवटी ते व्याज होतं, अनुदान होतं की कर्ज होतं हे कोणाला आठवत नाही. खतावणीत बँक कर्जाचं एक स्वतंत्र पान उघडा आणि त्यावर ६०,००० देणं लिहा. हप्ता भरला की रोकड वहीत एक ओळ नाही, दोन ओळी लिहायच्या. 'बँक कर्ज मुद्दल परत २,२२५' ही एक, 'बँक कर्जावरील व्याज ६००' ही दुसरी. दोन्ही मिळून २,८२५, म्हणजे पावतीशी जुळतं. मग पहिली ओळ खतावणीत कर्जाच्या पानावर जाते आणि देणं कमी करते. दुसरी ओळ व्याज खर्चाच्या पानावर जाते. एवढंच काम आहे. पण ते दर महिन्याला करायचं. वर्षाच्या शेवटी बारा हप्ते एकदम फोडायला बसलं की डोकं दुखतं, हे आम्ही अनुभवानं सांगतो.

आता त्या गटाकडे परत जाऊ. आम्ही बैठकीतच बारा हप्ते फोडले. एकीनं शिल्लक सांगायची, दुसरीनं व्याज काढायचं, सचिव ताईंनी लिहायचं. तासभर लागला. ३३,९०० रुपयांत व्याज निघालं ५,६८४ आणि मुद्दल २८,२१६. म्हणजे खर्च ५,६८४ चा. बाकीचे अठ्ठावीस हजार गेले नव्हते, तेवढं देणं फिटलं होतं.

उरलेल्या २४,४०० मधून व्याजाचे ५,६८४ वजा केले, राहिले १८,७१६. इथे बायकांचे चेहरे उजळले, पण आम्हाला लगेच एक वजाबाकी सांगावी लागली. मिल झिजते. ७५,००० चं यंत्र दहा वर्षं चालेल असं धरलं तर दर वर्षी ७,५०० रुपयांची झीज होते. तिला हिशेबात घसारा म्हणतात. मुद्दल खर्चात धरायचं नाही, कारण त्या पैशाचं यंत्र आलं आहे. पण यंत्र झिजतं ते मात्र धरायचं. ते वजा करून खरा नफा आला ११,२१६ रुपये.

साडेनऊ हजार तोटा आणि अकरा हजार नफा, वही तीच. तरी सचिव ताईंचा विश्वास बसेना. त्या म्हणाल्या, "नफा आहे तर पैसा कुठं आहे? पेटीत तं एक रुपया नाही." प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तरही वहीतूनच द्यायचं होतं. ३१ मार्चला धंद्याकडे काय होतं? मिल, झीज वजा जाता ६७,५०० ची. ही मिल कोणाकोणाच्या पैशावर उभी होती? बँकेचे ३१,७८४ अजून द्यायचे होते. गटाच्या बचतीतून सुरुवातीला घातलेले १५,००० आणि हप्त्यांना कमी पडले म्हणून घातलेले ९,५००, असे २४,५०० गटाचे. आणि नफा ११,२१६. बेरीज करून बघा, ६७,५०० येते. एक रुपयाचा फरक नाही. पैसा पेटीत नव्हता, कारण तो मिलमध्ये होता.

आणि ४०,००० ला मिल विकली असती तर? त्यातले ३१,७८४ बँकेला गेले असते, हातात राहिले असते ८,२१६. गटाचे घातलेले २४,५०० सुद्धा निघाले नसते. नसलेल्या तोट्याच्या भीतीनं खरा तोटा झाला असता.

पण म्हणून साडेनऊ हजारांची ओढाताण खोटी होती असं नाही. नफा असूनही हप्त्याला पैसे कमी पडू शकतात. या गटाचं कर्ज दोन वर्षांचं, मिल दहा वर्षं चालणारी. यंत्राची किंमत दोन वर्षांत बँकेला परत करायची म्हटल्यावर हप्ता जड होणारच. तीन वर्षांची मुदत मागितली असती तर महिन्याचा हप्ता साधारण २,००० वर आला असता. व्याज एकूण थोडं जास्त गेलं असतं, पण ओढाताण टळली असती. कर्ज घेताना विचारायचा प्रश्न हा आहे. दुसरं असं की पावसाळ्यात मिल बंद आणि हप्ता चालू. एप्रिल-मेच्या कमाईतले तीन-चार हप्ते बाजूला ठेवले असते तर बरं झालं असतं. हे वहीनं आधी दाखवलं नाही, कारण वहीत कर्जाचं पानच नव्हतं.

आता बँकेच्या पासबुकाकडे या. कर्ज खात्याचं पासबुक किंवा उतारा पाहून बायका गोंधळतात, कारण तिथं हप्ता फोडून लिहिलेला नसतो. महिन्याच्या शेवटी बँक व्याज खात्यावर चढवते, म्हणजे बाकी वाढते. ६०,००० चे ६०,६०० होतात. मग हप्ता जमा झाला की २,८२५ कमी होऊन ५७,७७५ राहतात. उत्तर आपलंच आलं, फक्त वाट वेगळी. तेव्हा उताऱ्यात 'व्याज' म्हणून जी रक्कम चढवली असेल तीच आपल्या वहीत व्याज म्हणून लिहायची. बँक दिवसांवर व्याज मोजते, म्हणून ३१ दिवसांच्या महिन्यात चार पैसे जास्त आणि फेब्रुवारीत कमी येतात. आपला तोंडी हिशेब आणि बँकेचा आकडा यात दहा-वीस रुपयांचा फरक असेल तर घाबरू नका, बँकेचा आकडा धरा. शेकड्यांत फरक असेल तर मात्र विचारा.

फरक कशानं पडतो ते सांगतो. एक म्हणजे उशीर. साठ हजारांवर १२ टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज जवळजवळ २० रुपये होतं. दहा दिवस उशीर केला तर दोनशे गेले, दंड असेल तर तो वेगळा. आणि हप्ता पूर्णच चुकला तर? समजा या गटानं जुलैचा चौथा हप्ता भरला नसता. शिल्लक ५३,२५८, तिच्यावर व्याज ५३३ चढलं, बाकी झाली ५३,७९१. ऑगस्टमध्ये तिच्यावर आणखी ५३८ चढले. मग ऑगस्टचा २,८२५ भरला तर त्यातले १,०७१ आधी दोन महिन्यांच्या व्याजात जातात आणि मुद्दलाला उरतात फक्त १,७५४. हप्ता तर पूर्ण भरला, मग कर्ज कमी का होत नाही, असं जिला वाटतं तिनं ही ओळ बघावी.

दुसरं कारण कर्ज देतानाच कापलेली रक्कम. कागदावर कर्ज ६०,००० आणि खात्यात आले ५८,८००, असं होतं. प्रक्रिया शुल्क किंवा विमा म्हणून १,२०० कापलेले असतात. काही गट मग कर्ज ५८,८०० लिहितात. तसं लिहू नका. फेडायचे ६०,००० आहेत, व्याजही ६०,००० वर आहे. जमा बाजूला पूर्ण ६०,००० लिहा आणि खर्च बाजूला 'कर्ज शुल्क व विमा १,२००' लिहा. हे १,२०० मात्र खरोखर खर्च आहेत.

एका गटात उलटीच चूक पाहिली. त्यांनी कर्जाची रक्कम उत्पन्नात धरली. वर्ष संपताना नफा भरपूर दिसला आणि दिवाळीला त्यातले पैसे वाटून घ्यायचं ठरलं. वाटलेसुद्धा. ते पैसे बँकेचे होते. पुढचे हप्ते प्रत्येकीला आपापल्या घरातून आणावे लागले.

आता एक गोष्ट कर्ज घेण्याआधीची. आपण आत्ता केला तो घटत्या शिल्लकेवरचा हिशेब. काही ठिकाणी कर्ज देणारे सपाट दर सांगतात, म्हणजे सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत व्याज. ऐकायला तेही १२ टक्केच. पण ६०,००० वर वर्षाला ७,२००, दोन वर्षांचे १४,४०० होतात आणि हप्ता ३,१०० चा पडतो. आपल्या घटत्या हिशेबात दोन वर्षांचं मिळून व्याज ७,७८८ आहे. म्हणजे दर तोच, व्याज जवळजवळ दुप्पट. ओळखायची खूण सोपी आहे. हप्ता गुणिले हप्त्यांची संख्या करा, त्यातून कर्जाची रक्कम वजा करा. जे उरेल ते तुम्ही देणार असलेलं पूर्ण व्याज. अशा कर्जाचं हप्तावार पत्रक मागून घ्या. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा नव्या मुदत कर्जांसोबत बँकेनं आणि वित्त कंपनीनं ठळक माहितीचं पत्रक द्यायचं आहे. त्यात वर्षाचा खरा दर आणि प्रत्येक हप्त्यात मुद्दल किती, व्याज किती हे लिहिलेलं असतं. ते पत्रक खतावणीच्या कर्जाच्या पानाला चिकटवून टाका. मग दर महिन्याला गुणाकारही करावा लागत नाही, फक्त पडताळायचं.

पडताळणी ३१ मार्चला एकदा पक्की करायची. बँकेचा उतारा आणा. आपल्या कर्जाच्या पानावरची शिल्लक आणि उताऱ्यातली शिल्लक शेजारी-शेजारी ठेवा. आपली कमी आणि बँकेची जास्त असेल तर बहुतेक व्याजाचा काही भाग आपण मुद्दलात लिहिला आहे, किंवा दंड-शुल्क लिहायचं राहिलं आहे. आपली जास्त असेल तर एखादा हप्ता लिहायचा सुटला आहे, किंवा मुद्दलाचा भाग व्याजात गेला आहे. ओळीनं टिक करत गेलं की सापडतं.

आणि दाल मिलच्या गटाचं पुढं काय झालं, ते विचारालच. मिल विकली नाही. दुसऱ्या वर्षी व्याज होतं फक्त २,१०४, कारण शिल्लकच कमी राहिली होती. हप्ता तेवढाच होता, म्हणून त्यांनी यंदा एप्रिल ते जूनमध्ये चार हप्त्यांचे ११,३०० रुपये बचत खात्यात वेगळे ठेवले आणि पावसाळा त्यावर काढला. शेवटचा हप्ता २,८१३ चा आला, बारा रुपये कमी. बारा रुपये कमी का, हे बँकेत जाऊन विचारणाऱ्या त्याच आजी होत्या. दर हप्त्यात रुपया पूर्ण करण्यासाठी थोडं थोडं जास्त गेलेलं असतं, ते शेवटच्या हप्त्यात वळतं, असं त्यांना तिथल्या साहेबांनी सांगितलं आणि आजींनी ते पुढच्या बैठकीत सगळ्यांना समजावून दिलं.

पुढच्या बैठकीला येताना कर्जाचा उतारा घेऊन या. ज्यांच्या वहीत कर्जाचं वेगळं पान नाही त्यांनी आजच एक कोरं पान काढा आणि वर कर्जाची तारीख, रक्कम, दर आणि हप्ता एवढंच लिहून ठेवा. मागचे हप्ते आपण सोबत बसून फोडू. नमस्कार.